सोळा बारांचे उत्तर : एका डिस ट्रॅकच्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५

समोरच्या रॅपरचा डिस ट्रॅक, म्हणजे माझ्या मावसभावाला हिणवणारे गाणे, काल रात्री आला आणि आज सकाळी मावसभाऊ वही घेऊन घरी हजर झाला. तो एका पतपेढीत कारकून आहे आणि गेली चार वर्षे मराठीत रॅप करतो. मी मुद्रितशोधक असल्याने शब्द तपासणे हे माझे रोजचेच काम आहे, त्यामुळे ओळी तो लिहिणार आणि त्या ठोकून पाहण्याचे काम मी करणार, अशी वाटणी ठरली. दोन्ही बाजूंनी मान्य झालेला नियम साधा आहे : तीन आठवड्यांत उत्तर द्यायचे, ते सोळा बारांचे असावे आणि त्यात जात, आई-बहीण व घरातले आजारपण यांचा उल्लेख नसावा.

बार म्हणजे चार ठोक्यांचे एक आवर्तन. मिनिटाला ९० ठोके असा वेग धरला तर एक बार सुमारे २.७ सेकंदांत संपतो आणि सोळा बार सुमारे ४३ सेकंदांत. एवढ्या वेळात माणसाचा पाणउतारा करायचा, तर एकही ओळ नुसती भरतीची असून चालत नाही.

विरोधकाचा ट्रॅक मी सहा वेळा ऐकला आणि त्यातून हाताला लागणाऱ्या तीन गोष्टी बाजूला काढल्या. तो भावाला 'बँकेतला कारकून' म्हणून हिणवतो. शेवटच्या ओळीत 'सोळा बार, सोळा वार' अशी फुशारकी मारतो. आणि त्याने वापरलेले संगीत हे इंटरनेटवर फुकट मिळणारे 'टाइप बीट' आहे, म्हणजे एखाद्या प्रसिद्ध कलाकाराच्या ढंगात कुणीतरी बनवून सर्वांसाठी ठेवलेला ठेका. याच बीटवर आणखी दोघांची गाणी सापडली. बाकीचा ट्रॅक कुणालाही उद्देशून म्हणता येईल असा आहे आणि हीच त्याची मोठी उणीव आहे. ज्या शिवीतले नाव बदलले तरी ती तशीच्या तशी दुसऱ्याला लागू पडते, ती शिवी मुळात कुणालाच लागत नाही.

१५ जुलै

पहिला खर्डा आला. वाचायला बरा वाटला, पण भावाने तो म्हणून दाखवला तेव्हा सपाट गेला. कारण शोधण्यासाठी मी प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा शब्द वेगळ्या कागदावर उतरवला, तेव्हा सोळांपैकी अकरा ओळी आहे, गेला, केला, झाला, होता अशा क्रियापदांवर संपत असल्याचे दिसले.

मराठीत रॅप लिहिणाऱ्याची पहिली अडचण हीच आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, यमकाची जागाही शेवटीच असते आणि क्रियापदांचे प्रत्यय ठरलेले असल्यामुळे गेला-केला-झाला हे यमक भाषा आपल्याला फुकट देते. जे फुकट मिळते त्याचे ऐकणाऱ्याला अप्रूप नसते, कारण 'गेला' ऐकताच पुढे 'केला' किंवा 'झाला' येणार हे त्याच्या कानाला आधीच ठाऊक असते. त्याहून मोठे नुकसान पंचलाइनचे होते. ओळीतला घाव घालणारा शब्द बहुधा नाम असतो आणि तो मध्येच येऊन जातो. त्यानंतर 'आहे' उरते, म्हणजे हशा यायच्या क्षणी कानावर नुसते व्याकरण पडते.

उपाय बोलभाषेतच आहे. भांडताना माणूस 'तू इथे कशाला आलास' असे म्हणत नाही, 'आलास कशाला इथे' असे म्हणतो. क्रियापद पुढे खेचून दुसराच शब्द शेवटी टाकण्याची ही मोडणी भांडणाऱ्या मराठीला मुळातच येते. म्हणून नियम केला की सोळांपैकी जास्तीत जास्त तीन ओळी क्रियापदावर संपतील आणि त्याही क्रियापदालाच धार असेल तेव्हाच. भाऊ कुरकुरला, पण त्याने वही परत नेली.

१८ जुलै

आज यमकाची लांबी हा विषय होता. एका अक्षराचे यमक ४३ सेकंदांत विरून जाते, म्हणून रॅपमध्ये दोन, तीन, चार अवयवांचे, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांचे, यमक साधतात. त्यात व्यंजने वेगळी असली तरी स्वर त्याच क्रमाने परत आले पाहिजेत. इंग्रजी रॅपमध्ये ओळीच्या पोटातले आणि एकाहून अधिक अवयवांचे यमक ठसठशीतपणे ऐकू येऊ लागले ते राकिम या रॅपरपासून, म्हणजे १९८७ च्या 'पेड इन फुल' या अल्बमपासून, असे साधारणपणे मानले जाते. तो सॅक्सोफोन वाजवत असे, हे कळल्यावर त्याच्या ओळी ठेक्याच्या मधल्या फटीत कशा शिरतात याचे मला कमी आश्चर्य वाटते.

इथे मी स्वतः एक चूक केली. वृत्त मोजण्याच्या सवयीने मी लिहिलेली अक्षरे मोजत बसलो. 'फुसका' ही कागदावर तीन अक्षरे असली तरी तोंडात 'फुस्-का' असे दोनच अवयव होतात. 'एकातही' कागदावर चार अक्षरांचे, उच्चारात तीन अवयवांचे. म्हणजे आधी शब्द मोठ्याने म्हणायचा, ऐकू येणारे अवयव मोजायचे आणि मग त्यांच्या स्वरांचा सांगाडा लिहायचा.

'फुसका बार' हा शब्दप्रयोग भावाने आणला. त्याचा सांगाडा उ-आ-आ असा निघतो. त्या सांगाड्यात बसणारे शब्द आम्ही तासभर शोधले. उसना भार, दुसरा वार, पुढचा वार, पुरता गार, सुटला फार हे बसले. 'तुटली तार' सोडावे लागले, कारण मध्ये ई येते आणि तेवढ्याने कान अडखळतो. संध्याकाळपर्यंत पहिल्या चार ओळी उभ्या राहिल्या :

गर्जना केलीस मोठी, निघाला फुसका बार,
डोकं तुझं हलकं, गर्वाचा उसना भार,
पहिल्याच सरीत भिजलास, अजून पुढचा वार
केलाच नाही मी, अन् तू पुरता गार.

तिसरी ओळ यमकावर थांबत नाही, चौथीत वाहत जाते. त्यामुळे चार सारख्या यमकांचा येणारा कंटाळा मोडतो. 'गार' हा शब्द आम्ही 'निपचित पडला' या अर्थाने घेतला होता आणि सरीत भिजून गार झाल्याचा दुसरा अर्थ त्यावर नंतर लक्षात आला. असा फुकटचा श्लेष मात्र घ्यावा.

२१ जुलै

ज्या ओळीवर सगळ्यांत जास्त वेळ गेला ती आज पूर्ण झाली. विरोधकाने 'सोळा बार' म्हणून बढाई मारली होती आणि प्रतिपक्षाचाच शब्द उचलून उलटा फिरवणे ही या प्रकारातली सर्वांत किफायतशीर चाल असते, कारण प्रस्तावना त्याने स्वतःच करून ठेवलेली असते. मराठीत 'बार' या शब्दाला निदान तीन दारे आहेत : रॅपमधले आवर्तन, बंदुकीचा किंवा फटाक्याचा बार आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचा बार. प्रश्न होता तो तिन्ही दारे एकदम उघडणाऱ्या किल्लीचा. ती भावाला रिक्षात सापडली. 'दारू' बंदुकीतही भरतात आणि पेल्यातही.

पहिला आराखडा असा होता : 'सोळा बार आणलेस, पण त्यात दारू नाही आहे.' अर्थ सगळा होता, पण किल्ली ओळीच्या मध्ये आणि शेवटी ओझे. मोडणी बदलून 'पण एकातही नाही दारू' केले आणि मग आधीची ओळ उलट दिशेने लिहायला घेतली. पंचलाइनच्या जोडीत दुसरी ओळ आधी आणि पहिली नंतर लिहायची, कारण ज्या शब्दावर घाव पडणार तो हलवता येत नाही, त्याच्याकडे नेणारी वाट मात्र बदलता येते. 'नाही दारू'चा सांगाडा आ-ई-आ-ऊ. 'चौखूर वारू' घासून पाहिले, पण तो शब्द पोवाड्यातला वाटला आणि यमकही दोनच अवयवांचे झाले. अखेर 'बढाई मारू' मिळाले, ज्यात ढा-ई-मा-रू हे चारही स्वर बसतात आणि जे कुणाही आईच्या तोंडी शोभेल :

अरे, एवढी नको बढाई मारू,
सोळा बार आणलेस, पण एकातही नाही दारू.

आता ठेक्यावरची बसवणी. एका बारची सोळा बारीक घरे पाडली की ठोके १, ५, ९ आणि १३ या घरांत पडतात. दुसऱ्या ओळीत 'दारू'च्या आधी अकरा अवयव आहेत, त्यामुळे 'आणलेस'नंतर एक घर रिकामे सोडले की 'दा' नेमका तेराव्या घरात, चौथ्या ठोक्यावर पडतो. ते एक रिकामे घर महत्त्वाचे आहे. तिथे ऐकणाऱ्याला वाटते की वाक्य संपले, आणि मग 'पण' येतो. पहिल्या ओळीत 'मा'सुद्धा तेराव्याच घरात ठेवला, कारण स्वर जुळले आणि जागा चुकली तर ते यमक कागदावर दिसते, कानाला लागत नाही.

श्लेष नक्की कुठे फसतो तेही आज दिसले. रॅप न ऐकणाऱ्या आईला पहिला अर्थ ठाऊक नव्हता, तिला बाकीचे दोन कळले आणि ती हसली. म्हणजे एखादे दार बंद राहिले तरी ओळ कोसळत नाही. 'फुसका बार' सुरुवातीलाच येऊन गेल्यामुळे स्फोटाचा अर्थ कानात आधीच पेरलेला असतो, म्हणून दारूची जोडी सातव्या-आठव्या बारवर ठेवली. त्याहून उशीर केला तर पेरलेले विसरले जाते.

२४ जुलै

बीट कोणते घ्यायचे यावरून वाद झाला. भावाचे म्हणणे होते की विरोधकाच्याच बीटवर उत्तर द्यावे. त्याला जुना आणि भक्कम आधार आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिजमधल्या रॉक्सॅन शान्टे या चौदा वर्षांच्या मुलीने यूटीएफओ या गटाच्या गाण्याला उत्तर दिले ते त्यांच्याच गाण्याचे संगीत खाली ठेवून, आणि त्या एका गाण्यातून उत्तरांची पुढे कितीतरी मोठी साखळी तयार झाली. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन त्याला हरवण्याची ती ऐट मलाही कळते.

पण आमच्या अकराव्या बारमध्ये ही ओळ आहे : 'चाल करून आलास, पण चाल दुसऱ्याची.' टाइप बीट हा सर्वांना पडताळता येणारा पुरावा असल्यामुळे ओळ पक्की आहे, मात्र आम्हीही तीच चाल वापरली तर ती आमच्याच अंगावर उलटेल. ओळ ठेवायची की बीट, असा प्रश्न होता. ओळ ठेवली.

ही ओळ दारूच्या ओळीपेक्षा कमी प्रतीची आहे असे माझे मत आहे आणि त्याचे कारण आपल्या अलंकारशास्त्रात आहे. एकच शब्द एकदाच येऊन दोन अर्थ देतो तो श्लेष, आणि तोच शब्द दोनदा येऊन दोन वेगळे अर्थ देतो ते शास्त्राच्या भाषेत यमक, जरी बोलताना आपण शेवटच्या जुळणीलाच यमक म्हणत असलो. दोनदा आलेली 'चाल' स्वतःचे कोडे स्वतःच सोडवून देते, ऐकणाऱ्याला काही करावे लागत नाही. श्लेषात शेवटची कडी तो स्वतः जुळवतो आणि म्हणून त्याला विनोद आपलाच वाटतो. तरी वेगात जाणाऱ्या सोळा बारांत एखादी सोपी ओळ हवीच.

२७ जुलै

चिपळूणचे मामा आले आहेत. कोकणातले शक्ती-तुऱ्याचे सामने ऐकत त्यांचे बालपण गेले, आणि हा प्रकार तर कलगी-तुऱ्याच्याच कुळातला : एक पक्ष शक्तीचा, दुसरा शिवाचा, रात्रभर सवाल आणि जवाब. त्यांना सगळा खर्डा म्हणून दाखवला. रॅपचा वेग त्यांना मानवला नाही, पण दारूच्या ओळीवर ते थांबले आणि म्हणाले, "सवाल चांगला टाकलास बाळा, पण याचा जवाब तुला ठाऊक आहे का? शाहीर ज्याचा जवाब स्वतःला येत नाही तो सवाल टाकत नाही. यावर तो शुद्धीवर येणार बघ." आम्ही मान हलवली आणि विषय सोडला, कारण मुदत आठवड्यावर आली होती.

कारकुनाच्या टोमण्याचे उत्तरही आज बसले. टोमणा नाकारायचा नाही, अंगावर घेऊन त्याचेच हत्यार करायचे, असे ठरले होते. पहिल्या रूपात 'हिशेब ऐक' आणि 'चेक' असे यमक होते. कागदावर ते चालून गेले, ध्वनिमुद्रणात मात्र 'ऐ' आणि 'ए' यांतली फट स्वच्छ ऐकू आली. मग असे केले :

कारकून म्हणालास? बरं, हिशेब घे एकेक,
धमक्या तुझ्या म्हणजे न वटलेले चेक.

'घे एकेक' आणि 'लेले चेक' यांत तीन ए सलग येतात. 'बाउन्स झालेले' असे न म्हणता 'न वटलेले' म्हटले, कारण तो पतपेढीतला रोजचा शब्द आहे आणि कारकुनाच्या तोंडून तोच यायला हवा.

२९ जुलै

एक जोडी काढून टाकली. विरोधक ओळी दुसऱ्याकडून लिहून घेतो अशी कुजबुज आहे आणि त्यावर भावाने 'ओळी लिहून घेतल्यास, मग ओळख कुणाची सांगू?' असे लिहिले होते. 'ओळख'च्या पोटात 'ओळ' ऐकू येते हे छानच आहे, पण आरोपाला कुजबुजीपलीकडे काही नाही. तो खोटा निघाला तर बाकीच्या खऱ्या ओळीही संशयात येतील. भाऊ दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

रिकाम्या जागेसाठी त्याला १९८१ च्या डिसेंबरातली न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबातली दोन रॅपरांची लढत ऐकवली. तिथे बिझी बी हा प्रेक्षकांकडून साद-प्रतिसाद वदवून घेण्यात पटाईत होता आणि कूल मो डीने मंचावर येऊन त्याच्या नेमक्या त्याच सवयीची टर उडवली. आरोप असा हवा, जो सगळ्यांनी नुकताच डोळ्यांसमोर पाहिलेला आहे. त्यावरून विरोधक प्रत्येक दोन ओळींनंतर 'समजलं का?' म्हणतो हे भावाला आठवले. नवी जोडी तासाभरात झाली.

१ ऑगस्ट

चाचणी. सहा जणांना कच्चे ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले आणि काय आठवते ते लिहायला सांगितले. चौघांनी दारूची ओळ जवळजवळ शब्दशः लिहिली. 'चाल' दोघांना आठवली. पहिल्या कडव्यात मात्र एकाने निरागसपणे विचारले, "पुढचा वार म्हणजे कुठला, मंगळवार?" हा श्लेष आम्हाला नको होता. 'वार' हा शब्द बदलणे शक्य नव्हते, कारण सांगाडा मोडला असता. दोष म्हणण्यात सापडला : भाऊ 'वार'वर श्वास घेत होता. यमकावर न थांबता 'पुढचा वार केलाच नाही' एका श्वासात म्हटले की क्रियापद लगेच येऊन मिळते आणि मंगळवार नाहीसा होतो.

२ ऑगस्ट

ध्वनिमुद्रण झाले. ओळखीच्या एका मुलाने ९० च्या वेगात ढोलकीवर बीट बांधून दिले. पहिल्या मिश्रणात 'दारू' ऐकूच येईना, नुसते 'आरू' येत होते, कारण चौथ्या ठोक्यावर ढोलकीच्या बारीक आवाजाच्या पुडीवरचा टणका नेमका 'द'वर बसत होता. आवाज वाढवून पाहिला, पण काही फरक पडला नाही. शेवटी आठव्या बारच्या शेवटच्या ठोक्याची ढोलकी साफ काढून टाकली आणि तिथे फक्त आवाज ठेवला. ठेका अचानक गप्प होतो आणि शब्द उघडा पडतो. 'फुसका' आणि 'भार' यांवर माइकमध्ये हवेचा फटका येत होता, तो माइक तोंडासमोरून थोडा बाजूला घेतल्यावर गेला. रात्री अकराला ट्रॅक टाकला.

१० ऑगस्ट

विरोधकाचे उत्तर आले. चेक, चाल आणि 'समजलं का?' यांना त्याने हातही लावलेला नाही, म्हणजे तिथे त्याला वाट सापडली नाही. दारूच्या ओळीवर मात्र तो थेट आला आहे : 'बारात नाही दारू, म्हणून तर आहे मी शुद्धीत.' पुढच्या ओळीचे यमक 'बुद्धीत' आहे, जे शाळकरी आहे, आणि ते येणार हे ओळ अर्धी असतानाच कळते. पण जवाब बरोबर आहे. आमच्या तीन दारांपैकी एक त्याने बाहेरून उघडले. लोक ज्या ठिकाणी आमच्याकडून हसले होते त्याच ठिकाणी आता त्याच्या बाजूने हसत आहेत.

भावाने 'शुद्धीत'चा उ-ई सांगाडा घेऊन मुठीत, खुर्चीत, कुडीत अशी यादी सुरू केली होती. ती मी थांबवली. 'शुद्ध' या शब्दाला शुद्धलेखनाचे एक दार आहे आणि त्याच्या ट्रॅकसोबत दिलेल्या लिखित ओळींत मला ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका सापडल्या आहेत, म्हणजे पुरावा हातात आहे. ओळ अजून झालेली नाही. ती झाली की आधी मामांना फोन करून याचा जवाब काय येईल ते विचारायचे आहे.